ठेका धरून पेस राखताना: बीपीएम, कॅडेन्स आणि पावलाची लांबी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकले की पेस आपोआप राखला जातो ना?

नाही. बहुतेकांची निराशा या एका गैरसमजातून होते, म्हणून हा प्रश्न आधी घेते.

ठेका फक्त एक गोष्ट पक्की करतो: मिनिटाला किती पावलं पडणार. त्यालाच धावणारे कॅडेन्स म्हणतात. प्रत्येक पावलाला तुम्ही किती पुढे जाता, हे गाण्याच्या हातात नसतं. आणि पेस या दोन्हींच्या गुणाकारातून येतो.

```
पेस (मिनिटे प्रति किमी) = १००० ÷ (कॅडेन्स × पावलाची लांबी मीटरमध्ये)
```

समजा दोघीजणी १६६ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १६६ ठोके पडणाऱ्या, एकाच गाण्यावर, ठेका अजिबात न चुकवता धावताहेत. एकीचं पाऊल १००.४ सेंटीमीटरचं आहे, तिचा पेस ६:०० येईल. दुसरीचं ९२ सेंटीमीटरचं आहे, तिला किलोमीटरला ६:३३ लागतील. म्हणून ‘६:०० पेससाठीची गाणी’ अशा नावाची तयार प्लेलिस्ट कुणी दिली, तर ती त्या माणसाच्या पावलांसाठी खरी असेल. तुमच्यासाठी ती निव्वळ १६६ची प्लेलिस्ट असते.

एक आकडा मनात ठेवा, पुढे सारखा उपयोगी पडेल. या पेसला पावलात एका सेंटीमीटरचा फरक म्हणजे किलोमीटरला जवळजवळ साडेतीन सेकंद. एक सेंटीमीटर डोळ्यांना दिसत नाही, पायांना जाणवत नाही. घड्याळात मात्र उमटतो.

मग १८०चाच आकडा सगळीकडे का सांगतात? मी तोच धरू का?

जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली. जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. निरीक्षण खरंच आहे, पण ती माणसं शर्यतीच्या वेगात धावत होती आणि तो वेग आपल्यापैकी बहुतेकांच्या दुप्पट होता. शिवाय तिथे १८० ही खालची हद्द होती. पुढे ती सगळ्यांसाठीचं लक्ष्य म्हणून पसरली.

६:०० च्या पेसला १८० धरायचे तर पाऊल ९२.६ सेंटीमीटरचं होतं. एखाद्या बुटक्या, हलक्या पायाच्या धावपटूला ते सहज जमेल. उंच माणसाला तेच पाय आखडून धावल्यासारखं वाटेल आणि तो नकळत पाऊल लांबवून ५:४५ला जाऊन बसेल. म्हणून बाहेरून आकडा उचलू नका, स्वतःचा मोजा.

माझा आकडा कसा काढायचा?

४०० मीटरचा ट्रॅक, मनगटावर साधं घड्याळ आणि कान रिकामे, एवढंच लागतं. पहिल्या दिवशी संगीत नको. ठेका कानात असला की पाय त्याच्याकडे ओढले जातात आणि आपण स्वतःऐवजी गाणं मोजून येतो.

पंधरा मिनिटं सैल धावून अंग गरम करा. मग सगळ्यात आतल्या लेनमध्ये लक्ष्य पेसने दोन-तीन फेऱ्या मारा. ६:०० साठी एक फेरी २ मिनिटं २४ सेकंदांत यायला हवी. पहिली फेरी बहुधा चुकेल, ती सोडून द्या. फेरीची वेळ सेकंद-दीड सेकंदाच्या आत आली की त्या फेरीत फक्त उजव्या पायाचे टेकणे मोजा, पूर्ण एक मिनिट. त्याची दुप्पट म्हणजे कॅडेन्स.

तीस सेकंद मोजून चौपट करू नका. मोजणीत एक टेकणं चुकलं तर पूर्ण मिनिटात दोन पावलांचा फरक पडतो, अर्ध्या मिनिटात चारांचा. आपण ज्या बारकाव्याच्या मागे आहोत तो चार पावलांहून लहान आहे.

माझे आकडे सांगते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. माझा रोजचा आरामाचा पेस ६:१५, म्हणजे फेरी २:३०. त्यात उजवा पाय ८२ वेळा टेकला, कॅडेन्स १६४. मिनिटाला १६० मीटर भागिले १६४, म्हणजे पाऊल ९७.६ सेंटीमीटर. नंतर २:२४ च्या फेरीत उजवा पाय ८३ वेळा टेकला. कॅडेन्स १६६, मिनिटाला १६६.७ मीटर, पाऊल १००.४ सेंटीमीटर.

दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा तोच आला तर तो तुमचा. एकाच दिवसावर विसंबू नका. आदल्या दिवशी लांब पल्ला झाला असेल तर पाऊल आखूड भरतं.

पेस चार टक्क्यांनी वाढवायचा असेल तर बीपीएमही चार टक्क्यांनी वाढवायचा, बरोबर?

गणित तसं सांगतं, शरीर तसं वागत नाही. वरचे आकडे परत पाहा. ६:१५ वरून ६:०० वर येताना वेग साधारण चार टक्क्यांनी वाढला. पाऊल तेवढंच ठेवलं असतं तर १६४ चे १७१ व्हायला हवे होते. प्रत्यक्षात कॅडेन्स दोनच पावलांनी वाढला, बाकीचं काम जवळजवळ तीन सेंटीमीटर लांबलेल्या पावलाने केलं. आपल्यासारख्यांच्या मध्यम वेगांत असंच होतं: वेग वाढला की आधी पाऊल लांबतं, कॅडेन्स मागून थोडाथोडा चढतो.

मी सुरुवातीला नेमकी हीच चूक केली होती. कागदावर १७१ काढलं, त्या ठेक्याची गाणी गोळा केली आणि ट्रॅकवर गेले. फेरी आली २:२१. म्हणजे ५:५२ चा पेस. पाऊल हिशोबाप्रमाणे ९७.६ वर थांबलंच नाही, ९९.५ झालं. ठेका जलद झाला की अंगात जोर येतो आणि पाऊल आखडायच्या ऐवजी लांबतं. दहा किलोमीटरच्या सुरुवातीला ते सुखाचं वाटतं, सातव्या किलोमीटरला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून नियम साधा ठेवा. ज्या पेसने धावायचं आहे त्याच पेसने, संगीताशिवाय धावून जो कॅडेन्स मिळाला, तोच गाण्याचा बीपीएम. हळू पेसच्या आकड्यावरून पुढचा आकडा गुणाकाराने काढू नका. प्रत्येक पेससाठी वेगळी मोजणी लागते. पुढच्या वेळी मेट्रोनोम, म्हणजे नुसती एकसारखी टिकटिक देणारं साधन, १६६ वर लावून तीन फेऱ्या मारा. गाण्याआधी मेट्रोनोमच वापरा, कारण त्यात सूर नाही, चढउतार नाही, तुम्हाला भरीला घालणारं काही नाही. तीनही फेऱ्या २:२३ ते २:२५ मध्ये आल्या की मगच गाण्यांच्या मागे लागा.

ॲप माझ्या गाण्याचा बीपीएम ८३ दाखवतं. ते तर खूप संथ झालं?

नाही, ते तुमच्या कामाचं आहे. ८३ च्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला उजवा पाय पडतो आणि डावा दोन ठोक्यांच्या मधोमध. म्हणजे १६६ पावलं. १६६ ची गाणी शोधायला गेलात तर फारशी सापडत नाहीत, ८३ ची भरपूर मिळतात, आणि कित्येकदा तीच धावायला बरी. ठेका दणकट असतो, त्यात घाई नसते.

बीपीएम ओळखणारी साधनं दुप्पट-निमपट यांत नेहमी गोंधळतात. तेच गाणं एक ८३ म्हणेल, दुसरं १६६. दोन्ही बरोबर असतात. पण १२५ सारखा आकडा दिसला तर सावध व्हा. तो ८३ च्या दीडपट आहे, आणि ठोक्याचे तीन भाग पडणाऱ्या गाण्यांत साधनं असा आकडा देऊन बसतात. शंका आली की स्वतः मोजा. गाणं लावून बोटाने टेबलावर ठेका धरा, एक मिनिट मोजा. गाण्याच्या मध्यावर एकदा आणि शेवटाकडे एकदा. दोन आकड्यांत दोनाहून जास्त फरक आला तर त्या गाण्यात ढोलवाला माणूस आहे, यंत्र नाही, आणि तो पुढे जाताना लय चढवतो. मैफिलीत ते रंगतदार असतं. पेस राखायला ते गाणं बाजूला ठेवा.

तीन-तीन मात्रांच्या गाण्यांबद्दलही विचारतात. पावलं त्यावर पडतात, पण जोराचा ठोका एकदा उजव्या पायावर येतो, पुढच्या वेळी डाव्यावर. काहींना ते आवडतं, काहींचे पाय अडखळतात. एक फेरी धावून पाहिलं की लगेच कळतं.

आवडतं गाणं १६० चं आहे आणि मला १६६ हवेत. चालवून घेऊ का?

गाणं आहे तसंच लावलं तर नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी हौशी धावपटूंवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गाण्याची लय धावणाऱ्याच्या कॅडेन्सपेक्षा दोन-अडीच टक्क्यांच्या आतबाहेर असेल तर पाय न सांगता तिच्याकडे सरकतात, त्यापलीकडे गेली की ती ओढ सुटते, असं त्यात दिसलं. १६६ च्या बाबतीत हा पट्टा साधारण १६२ ते १७० असा पडतो. यात दोन गोष्टी आहेत. १६० चं गाणं तुम्हाला धरणार नाही, ते नुसतं कानात वाजत राहील. आणि १६३ चं गाणं तुम्हाला नकळत खाली ओढेल, हे जास्त वाईट, कारण ते जाणवतच नाही. म्हणून मी प्लेलिस्टमध्ये एका ठोक्याहून जास्त फरक ठेवत नाही.

१६० चं गाणं सूर न बदलता जलद करता येतं. नवा आकडा भागिले जुना: १६६ ÷ १६० = १.०३७५. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी टेम्पो बदलण्याची सोय आहे. स्पीड बदलण्याची घेऊ नका, तिने आवाजही चिरका होतो. कमांड लाइन वापरत असाल तर हे पुरतं:

```
ffmpeg -i gaane.mp3 -filter:a "atempo=1.0375" gaane_166.mp3
```

चार-पाच टक्क्यांपर्यंत कानाला फरक जाणवत नाही. आठ-दहा टक्क्यांना गाणारा घाईत असल्यासारखा वाटू लागतो आणि तबल्या-ढोलाचे बोल फुटतात. तिथे दुसरं गाणं शोधलेलं बरं.

पाय ठेक्यावर पडताहेत, तरी शेवटच्या किलोमीटरांत वेळ वाढतेच. ठेका काम का करत नाही?

ठेका त्याचं काम चोख करतोय. पाऊल आखूड झालंय.

माझ्या एका दहा किलोमीटरच्या सरावात हे अगदी स्वच्छ दिसलं. पूर्ण वेळ १६६ ची गाणी होती. पहिले सहा किलोमीटर ६:०० च्या आगेमागे दोन सेकंद. सातवा ६:०६, आठवा ६:०९. मला खात्री होती की मी ठेका सोडला नाही, आणि सोडला नव्हताच. आता हिशोब पाहा. ६:०० ला १६६ ने किलोमीटरला ९९६ पावलं लागतात. ६:०९ ला १०२१. त्याच किलोमीटरला पंचवीस पावलं जास्त पडली. पाऊल १००.४ वरून ९८ सेंटीमीटरवर आलं होतं. अडीच सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून थोडं जास्त. पोटऱ्या आणि मांड्यांचे मागचे स्नायू थकले की मागच्या पायाचा रेटा कमी पडतो. पाय तितक्याच वेळा पडतो, पण ढकलत कमी असतो.

घड्याळात वेळ वाढलेली दिसली की आधी कारण ओळखा, कारण दोन वेगळे बिघाड तिथे सारखेच दिसतात. दहा सेकंद फक्त उजव्या पायाचा आवाज ऐका. तो ठोक्याच्या मागे मागे पडत असेल, ठोका झाल्यावर ‘टप’ येत असेल, तर कॅडेन्स घसरलाय. पाय परत ठोक्यावर आणा, पेस बहुधा परत येतो. आवाज नेमका ठोक्यावर येत असेल आणि तरी वेळ वाढत असेल, तर पाऊल आखूड झालंय.

या दुसऱ्या वेळी मुद्दाम लांब पाऊल टाकायचा मोह होतो. तो आवरा. थकलेला माणूस पाऊल लांबवतो ते मागून रेटा देऊन नव्हे, पाय पुढे फेकून. टाच शरीराच्या खूप पुढे पडते, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि गुडघ्याला दणका बसतो.

त्याऐवजी ठेका बदला. थकलेलं पाऊल ९८ चं असेल तर ६:०० साठी किती ठोके लागतील? मिनिटाला १६६.७ मीटर भागिले ०.९८, म्हणजे १७०. म्हणून आता माझी दहा किलोमीटरची प्लेलिस्ट दोन भागांत आहे: पहिली ३६ मिनिटं १६६ ची, पुढची २४ मिनिटं १७० ची. बदल सातव्या किलोमीटरच्या सुरुवातीला येतो, पाऊल आखडू लागतं तिथेच. आधीच १७० लावलं तर ताज्या पायांनी पाऊल १०० च्या आसपास राहतं, पेस ५:५३ च्या घरात जातो आणि शेवट आणखी अवघड होतो.

याला एक मर्यादा आहे. १७० वर गेल्यावर चार-पाच शब्दांचं वाक्यही एका दमात बोलता येईना, तर प्रश्न पावलाचा नाही. तो पेसच आज तुमच्या आवाक्याबाहेर आहे. ठेक्याने दम वाढत नाही.

चढावर काय करायचं?

ठेका तोच, पाऊल आखूड, पेस हळू. १६६ वर ६:३० चा पेस आला म्हणजे पाऊल पावणेत्र्याण्णव सेंटीमीटरचं झालं. चढाला ते योग्यच आहे. उतारावर उलटं होतं: पाऊल लांबतं, आणि ठेका धरला असेल तर ते फार लांबत नाही, हा ठेक्याचा मोठा फायदा. पेसचा हिशोब मात्र सपाट भागावरच तपासा.

घड्याळ पावलाची लांबी दाखवतंच की. मग ट्रॅकवर जाऊन मोजायचं कशाला?

घड्याळ कॅडेन्स हाताच्या हालचालीवरून मोजतं आणि ते बऱ्यापैकी अचूक असतं. लांबी ते मोजत नाही, काढतं: जीपीएसचा वेग भागिले कॅडेन्स. उंच इमारतींमध्ये, दाट झाडीखाली, वळणावळणाच्या रस्त्यावर जीपीएस अंतर चुकवतं आणि ती चूक थेट पावलाच्या लांबीत उतरते. आपण दोन-अडीच सेंटीमीटरच्या गोष्टी करतोय, तिथे हे परवडत नाही. त्या क्षणाचा म्हणून दिसणारा पेसही त्यामुळेच उड्या मारतो. धावताना पूर्ण किलोमीटरच्या वेळेकडे बघा.

आणखी एक पाहा. काही घड्याळं एकाच पायाची मोजणी दाखवतात, तिथे १६६ च्या जागी ८३ दिसेल. तसंच ‘स्ट्राइड’ म्हणजे काटेकोरपणे एकाच पायाच्या दोन टेकण्यांमधलं अंतर, म्हणजे दोन पावलं. पण पुष्कळ घड्याळं त्या नावाखाली एकच पाऊल दाखवतात. आकडा एक मीटरच्या आसपास असेल तर ते पाऊल आहे, दोनच्या आसपास असेल तर जोडी.

ट्रेडमिलवर हेच सगळं लागू होतं का?

तिथे गणित उलटं चालतं. पट्टा ताशी १० किलोमीटरच्या वेगावर लावला की पेस ६:०० ला बांधला गेला, तो तुमच्या हातात राहिला नाही. आता ठेका बदलला की पाऊलच बदलणार, दुसरी वाट नाही. म्हणून वेगवेगळे ठेके पायांना कसे वाटतात ते चाखून पाहायला ट्रेडमिल उत्तम आहे, आणि तुमचा कॅडेन्स ठरवायला कमी भरवशाची.

ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज उशिरा येतो. त्याने ठेका चुकतो का?

नाही. उशीर प्रत्येक ठोक्याला तेवढाच असतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर बदलत नाही. पाय तुम्ही ऐकू येणाऱ्या ठोक्यावरच टाकता. आवाज मध्येच तुटत असेल तर मात्र तो इअरफोन या कामाचा नाही.

ठेका वाढवल्यापासून पोटऱ्या दुखताहेत.

अपेक्षित आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की वेग तोच ठेवून कॅडेन्स पाच ते दहा टक्क्यांनी वाढवला तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. पण पाय जास्त वेळा पडतो, आणि बऱ्याच जणांचं टेकणं टाचेकडून पंज्याकडे सरकतं, ते काम पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतं. एका वेळी दोन-तीन ठोक्यांपेक्षा जास्त चढू नका, आणि नवा ठेका दोन-तीन आठवडे फक्त छोट्या धावांत वापरा. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे कळ येत असेल तर जुन्या ठेक्यावर परत या.

शर्यतीत इअरफोन चालतात का?

वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेच्या जागेत अशी साधनं वापरणं ही बाहेरची मदत धरली जाते, म्हणून ट्रॅकवर ती चालत नाहीत. रस्त्यावरच्या शर्यतींत आयोजक आपापला नियम लावतात, तो नोंदणीच्या वेळीच वाचून घ्या. इअरफोन बंद असतील तर शर्यतीआधीच्या आठवड्यांत सरावाला पाच मिनिटं ठेक्यासह, पाच मिनिटं शांतपणे असं आलटूनपालटून धावा. शांत भाग संपता संपता उजवा पाय मिनिटभर मोजा. ८३ च्या जागी ८२ किंवा ८४ आले तर ठेका अंगात मुरला आहे. ८० आले तर अजून काही दिवस कानात राहू द्या.